शिडीच्या पायथ्याशी कोण होतं

क्रांती जगदाळेला त्या एका शब्दाचा वीट आला होता. निष्काळजीपणा. कारखान्यात ज्याला विचारावं तो तोच शब्द पुढं करत होता, जणू सकाळच्या चहाबरोबर सगळ्यांना वाटून दिला होता.

क्रांती या साखर कारखान्याची सुरक्षा अधिकारी. बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगामाआधी पूजा करून बॉयलर पेटवायच्या दिवशी, पाइपांत पाणी सोडून चाचणी घेताना, रसाच्या पाइपचा एक जोड गळायला लागला. पंप बंद करून फिटर जोतीराम शिडीवर चढला, बोल्ट आवळायला लागला आणि शिडीसकट खाली आला. मांडीचं हाड मोडलं. आता तो सांगलीच्या दवाखान्यात होता आणि चौकशीचा अहवाल क्रांतीला लिहायचा होता. जोतीराम हंगामी कामगार. अहवालात तो निष्काळजी ठरला, तर पुढच्या हंगामाला त्याला बोलावणं येणार नव्हतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

वैताग म्हणजे खुद्द जोतीरामही त्यांच्यात सामील. ती भेटायला गेली तर पडल्या पडल्याच हात जोडून म्हणाला, "माजंच चुकलं, मॅडम. तसंच लिवा. साहेब नाराज नकोत." तिला त्याचा रागही आला आणि कीवही.

मग तिनं जागा पाहिली. शिडी लोखंडी, उरलेल्या अँगलची वर्कशॉपमध्येच जोडलेली, पायांचे रबर कधीच गेलेले. खाली पाणी आणि ग्रीस. भिंतीलगत पंपाची मोटर असल्यामुळे शिडीचा पाय भिंतीपासून, चार फूट उंचीला एक फूट अंतर या हिशोबापेक्षा, बराच लांब ठेवावा लागलेला. पाय घसरला नसता तरच नवल. तिनं शिडीला 'वापरू नये' अशी लाल पट्टी बांधली.

मग चांगल्या ॲल्युमिनियमच्या दोन शिड्या कुठं होत्या? विचारल्यावर जो तो दुसरीकडं बघायचा. शेवटी उलगडा झाला. दरवर्षी अग्निप्रदीपनाला मांडव पडतो आणि दरवर्षी त्या शिड्या मांडवात झालर बांधायला जातात. याही वर्षी गेल्या होत्या.

तिनं सगळं जसंच्या तसं लिहिलं. मुख्य अभियंता लालासाहेब मोहित्यांनी मसुदा वाचला आणि पेन बाजूला ठेवलं. मांडवाचा विषय वगळा म्हणाले, पूजेच्या कार्यक्रमाला अपघात कशाला चिकटवायचा. शिडी ठणठणीत आहे, चढणाऱ्याचं लक्ष नव्हतं, एवढं लिहा. क्रांतीनं नाही म्हटल्यावर ते उठलेच. चला, दाखवतो.

जोतीराम पडला त्या गिरणीघरात त्यांनी लाल पट्टी सोडून कठड्यावर टाकली. क्रांतीनं अडवलं, पण ऐकतो कोण. शिडी त्याच जागी लावली, एक पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि शेजारी उभ्या असलेल्या भाऊसो या हेल्परकडं न बघताच म्हणाले, "धर की रं खालनं."

भाऊसो वाकला. शिडीला हात लावून तो तसाच थांबला.

"त्या दिवशी कुणी धरली होती, साहेब?" क्रांतीनं विचारलं.

बोलला तो भाऊसो. "मी धरायचो, मॅडम. पर मी मांडवात हुतो, तोरन बांधाय. साहेबांनीच बोलीवलं हुतं."

लालासाहेबांनी पायरीवरचा पाय खाली घेतला. पट्टी उचलून त्यांनी स्वतःच परत बांधली. गाठ नीट बसेना, दोनदा सोडून बांधली. "लिवा मग," म्हणाले. "माजं नाव घालू नका."

नाव कुणाचंच घालायचं नव्हतं, हे तिनं पहिल्यापासून सांगितलं होतं. तिनं लिहिलं: तात्कालिक कारण, रबर नसलेली शिडी ओल्या जमिनीवर घसरली. मूळ कारण, कामाच्या शिड्या आणि शिडी धरणारा माणूस व्यवस्थापनाच्या सूचनेनं समारंभाला नेले गेले आणि तरीही काम थांबवलं गेलं नाही. शिफारशीही लिहिल्या. त्या जोडाजवळ कायमचं कठड्याचं मचाण बांधावं. वर्कशॉपमध्ये जोडलेल्या शिड्या मोडीत काढाव्यात. कामाच्या शिड्या समारंभाला देऊ नयेत. पायथ्याला माणूस नसेल तर काम सुरू करू नये. लालासाहेबांनी सही केली, तीही एवढी जोरात की कागद फाटायचा राहिला.

तिनं लगेच दवाखान्यात फोन लावला. जोतीरामची बायको चंद्राबाई बोलली. तिनं आधी घाबरतच विचारलं, चूक कुणाची धरली. क्रांतीनं मूळ कारण वाचून दाखवलं आणि जोतीरामांची चूक कुठंच लिहिलेली नाही, असं सांगितलं.

"आवं, तुमची न्हाई म्हनत्यात," चंद्राबाई नवऱ्याला म्हणाली.

मग पलीकडून जोतीरामचा आवाज आला.

"मॅडमना म्हनावं, पुन्यांदा वाचा."

क्रांतीनं ते मूळ कारण पुन्हा पहिल्यापासून वाचलं.