भरलेली जाळी

जांभळाच्या खोडावरून लोंबणाऱ्या हिरवट-करड्या झुपक्याला पारमितानं बोट लावलं आणि म्हणाली, "ही दाढी, दगडफुलाचीच एक जात. हवेत धूर असला की सगळ्यात आधी हीच मरते."

बेळगावहून सकाळच्या गाडीनं लोंढ्याला उतरून, पुढं टेम्पोत कोंबून घेतलेली तिची बी.एस्सी.ची पोरं झाडाभोवती गोळा झाली. दगडफूल सगळ्यांना माहीत होतं, पण ते मसाल्याच्या डब्यातलं. झाडावर जिवंत असलेलं, हातभर पसरलेलं, पानासारखं सुटलेलं आणि वर दाढीसारखं लोंबलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. टिळकवाडीतल्या प्रियदर्शनीला आपल्या घरासमोरचं झाड आठवलं. त्याच्यावर फक्त पांढरे चिकट डाग असतात, आणि आई त्यांना चुन्याचे शिंतोडे समजून घर रंगवणाऱ्या कंत्राटदाराला शिव्या घालते.

"म्हणजे इथली हवा चांगली," प्रियदर्शनी म्हणाली.

"आज नाही, कैक वर्षांपासून चांगली. दगडफूल हळू वाढतं, म्हणून ते जुनं बोलतं. कालपरवा काय झालं हे विचारायचं असेल तर ओढ्यातल्या किड्यांना विचारायचं."

पारमिता मूळची निपाणीची. शिकवताना तिला उत्साह चढायचा आणि मग ती बोलून जायची. गेल्याच आठवड्यात वर्गात बोलून गेली होती, की ज्या गटाच्या जाळीत जास्त प्रकारचे किडे येतील, त्या गटाला प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी. पोरांनी बाकं बडवली होती. असल्या गोष्टी पोरांच्या बरोब्बर लक्षात राहतात.

ही वस्ती आदर्शची होती. तिच्या वर्गातला हा बुजरा पोरगा. त्याचे आईबाप कामाला गोव्यात, म्हणून तो काका-काकूंकडं वाढलेला. काका मष्णू काजूच्या बागा सांभाळायचा. काकू राजाबाईनं दोन दिवस आधीच निरोप धाडला होता की मॅडम आणि पोरं आमच्यातच जेवणार, डबे आणू नका. ओढ्यापासून चार ढांगांवर घर, मागच्या अंगणात चूल पेटलेली आणि भाजल्या खोबऱ्याचा वास थेट पाण्यापर्यंत येत होता. पोरांचं अर्धं लक्ष तिकडंच होतं.

ओढा बघून पारमिताला बरं वाटलं. पाणी असं की तळातला एकेक गोटा मोजावा. तिनं ऑक्सिजन मोजला, भरपूर निघाला. पाण्याला वास नाही, फेस नाही. मग तिनं पद्धत सांगितली: जाळी प्रवाहात धरायची, तोंड वरच्या बाजूला. जाळीच्या पुढ्यात उभं राहून पायानं दगड उलटेपालटे करायचे. दगडाखाली चिकटलेले किडे सुटतात आणि वाहत जाळीत येतात. लाथा मारल्याशिवाय काही मिळत नाही, कारण चांगल्या पाण्यातले हे जीव महा लाजाळू. उजेड दिसला की दगडाच्या पोटाखाली शिरतात.

"मॅडम, भरली!" प्रियदर्शनी ओरडली.

"अगं, अजून सुरुवात कुठं केलीय?"

"मी नुसती धरली होती."

जाळी पांढऱ्या ट्रेमध्ये उलटी केली आणि पोरांनी एकच गिल्ला केला. तीन शेपट्यांचे चपटे मेफ्लाय, दोन शेपट्यांचे पिवळे-काळे स्टोनफ्लाय, वाळूच्या कणांची नळी करून राहणारे कॅडिस. अळ्यांचा नुसता खच. गढूळ, सडक्या पाण्यात नावालाही न सापडणारे हे सगळे, आणि ते मुठीमुठीनं. एकानं तिथंच किड्यांच्या प्रकारांवरून पाण्याच्या शुद्धतेचा स्कोअर जोडला. पारमितानं आजवर पाहिलेल्या कुठल्याच ओढ्याला एवढा स्कोअर मिळाला नव्हता. आदर्शचा चेहरा उजळला. त्याच्या गावचा ओढा पहिला आला होता.

पारमितापण हसली. मग ती ट्रेवर वाकली, आणि तिचं हसू मावळलं.

एकही जीव लपायला बघत नव्हता. ट्रेच्या कडेला सावली होती, तिकडं कुणी जात नव्हतं. भर उन्हात, पांढऱ्याशुभ्र ट्रेमध्ये ते उताणे पडले होते आणि त्यांचे पाय हलत होते. चालायला नव्हे. थांबायचे, मग सगळे एकदम थरथरायचे, पुन्हा थांबायचे.

"कुणीही लाथ मारली नाही?" तिनं विचारलं.

"न्हाय मॅडम. आपसूक आलं," आदर्श म्हणाला.

आपसूक. तिनं पाण्याकडं पाहिलं. आता तिला कळलं की मघापासून काय चुकल्यासारखं वाटत होतं. संथ पाण्यावर लांब पायांचे किडे घसरत असतात, ते नव्हते. पाय बुडवला की टोचायला येणारी बारकी मासळी नव्हती. काठावर एक बेडूक नव्हता. नुसतं स्वच्छ पाणी दगडांवरून खळखळत चाललं होतं, आणि कुणाचंही घर नसलेल्या गल्लीतून चालल्यासारखं ते वाटत होतं.

"पुन्हा धरा जाळी. आता मारा लाथा. जोरात."

पोरांनी तळ उचकटून काढला, दगड हातानं चोळले. जाळी वर आली. तिच्यात दोन पानं आणि वाळू.

खाली धरली, वर धरली, दुसऱ्या काठाला धरली. वाळू. मघाशी ज्या ओढ्यानं स्वतःहून सगळं ओतलं, त्याच्या दगडाखाली आता एक जीव उरला नव्हता. प्रियदर्शनीनं हळूच पाय पाण्याबाहेर घेतले.

"मॅडम, ते बघा," कुणीतरी म्हणालं.

समोरच्या कातळावर खेकडे होते. काळे, तळहाताएवढे. दिवसाउजेडी बिळातून नांगी न काढणारी ही जात पाण्यातून वर चढून उन्हात बसली होती. त्यातला एक काठ ओलांडून गवतात शिरला, अडखळला, आणि तिथंच पाय झाडत राहिला. त्यांना माणसांची भीती नव्हती. ओढ्याची होती.

पारमिताचं डोकं भराभर चालू लागलं. दगडफूल ठणठणीत, म्हणजे हवेत काही नाही. ऑक्सिजन आहे, म्हणजे सांडपाणी नाही. फक्त किडे आणि खेकडे थरथरतायत. किडे मारायलाच जे बनवलेलं असतं, ते वर कुठंतरी पाण्यात पडलं होतं, आणि ते अंगात भिनतंय म्हटल्यावर सगळ्यांनी दगड सोडले होते. जाळी भरली ती त्यामुळं. तो स्कोअर म्हणजे पळून निघालेल्यांची गर्दी होती.

"पाण्याबाहेर व्हा सगळे. हातपाय विहिरीच्या पाण्यानं धुवा, साबण लावून."

अंगणात येईपर्यंत ताटं मांडून झाली होती. भाकऱ्यांची चळत, आणि मधोमध मोठ्या पातेल्यात दगडफूल घातलेला काळाकुट्ट रस्सा. राजाबाईनं वाढता वाढता हौसेनं सांगितलं, "आज देवच पावला बगा मॅडम. एरवी एकेक खेकड्यासाठी बिळात हात घालून बोटं फोडून घ्यावी लागत्यात. आज आपसूक भाईर येऊन बसलते. सुपानं भरून आनले."

पारमितानं पातेल्यात पाहिलं. रश्शात नांग्या होत्या.

तिच्या डोळ्यासमोर तिची आजी आली. सोनुबाई. तंबाखूच्या वखारीत राबून दुपारी कुणा शेतकऱ्याच्या अंगणाबाहेर बसायची, आणि तिच्या ओंजळीत भाकरी वरून पडायची. त्या सोनुबाईच्या नातीला आज ही बाई अंगणाच्या मधोमध पाट मांडून, स्वतःच्या हातानं पहिलं ताट देत होती. हे ताट ढकलायचं कसं? आणि खात्री तरी कुठं होती? पोटात गेलं तर काय होईल, किती होईल, हे तिला सांगता आलं नसतं. एका पोरानं तेवढ्यात भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला.

तिनं झेप घेऊन त्याचा हात धरला. "कुणीही खायचं नाही. ताटं खाली ठेवा."

राजाबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग उतरला.

"का? आमच्या हातचं चालत न्हाय व्हय?"

पारमिताला हे इतकं लागलं की तिचे डोळे भरले. "आक्का, तसं काही नाही हो. तुमच्या हातची भाकरी मी आत्ता खाते, चटणीसंगं. पण ओढ्यात विष पडलंय. खेकडे आपसूक नाही आले, मरायला बाहेर आले. रस्सा खड्डा काढून पुरून टाका, कुत्र्या-मांजराला लागणार नाही असा."

"इख कोण घालंल हितं?" राजाबाई म्हणाली. "आमचीच म्हसरं पित्यात ते पानी."

ओट्यावर मष्णू बसला होता. सगळ्यांना बघून सकाळपासून त्याच्या तोंडावर एक लाजरं हसू होतं, ते आता नाहीसं झालं. तो उठला, पुन्हा बसला.

"इख न्हाय," तो म्हणाला. "काजूला मारायचं औषद. ओढ्याच्या वरच्या कोंडीत, डोहात, वाईच ओतलं. सकाळी, तुमी यायच्या आदी."

"कशाला, आप्पा?"

त्यानं तिच्याकडं न बघता आदर्शकडं पाहिलं. "हा बोलला फोनवर. मॅडमनी सांगितलंय, ज्याच्या जाळीत जास्त किडं त्याला पुरं मार्क. पोरगं दगडं उलथत बसंल, शेरातल्या पोरांच्या मागं पडंल. म्हटलं, औषद लागलं की किडं भाईर येत्यात, झाडावर बगतोच की आमी. समदी त्याच्या जाळीत येतील."

वर्गात बाकं बडवल्याचा तो आवाज पारमिताच्या कानात घुमला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

मग ती कामाला लागली, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आदर्शला मोटरसायकलवर खालच्या वस्तीकडं पिटाळलं: पाणी भरू नका, मासे उचलू नका, जनावरं सोडू नका. राजाबाईनं म्हशी गोठ्यात बांधल्या आणि नवऱ्याशी एक अक्षर न बोलता खड्डा खणायला घेतला. पोरांनी चटणी-भाकरी खाल्ली. पारमितानंही खाल्ली. राजाबाई बघत होती म्हणून खाल्ली.

निघायच्या आधी ती उरलेल्या पोरांना घेऊन कोंडीच्याही वर गेली. मष्णू मागोमाग आला. तिथं तिनं एक दगड पाण्यातून उचलून उलटा केला. त्याच्या पोटाखाली एक स्टोनफ्लाय होता. उजेड लागताच तो झर्रकन दुसऱ्या कडेला पळून लपला.

"हितलं जित्तं हाय," मष्णू वाकून म्हणाला. "मग खाली परत कवा येतील?"

"इथून वाहत जातील. काही पंख फुटले की उडून जातील. एखादं वर्ष लागेल. खेकड्यांना जास्त."

त्यानं दगड जसा होता तसा, अगदी अलगद, पाण्यात परत ठेवला.

"आणि पोराचं मार्क?" त्यानं विचारलं.

ती उतरून टेम्पोकडं आली. जांभळावरची दाढी वाऱ्यानं हलत होती, हिरवीगार, निरोगी. खाली ओढा स्वच्छ वाहत होता, आणि काठावरच्या मघाच्या ट्रेमध्ये अजून एक अळी एकटीच पाय हलवत होती.