दारावरच्या बेलचं गाऱ्हाणं

मी एक जुनी दारावरची बेल आहे. माझं बटण दाराबाहेर आणि माझा आवाज आत, चपलांच्या कपाटाच्या वर, भिंतीवर उंच. मित्रांनो, माझी निम्मी जिंदगी बाहेर आणि निम्मी आत गेली. त्यामुळे दोन्हीकडच्या माणसांची मला खडानखडा माहिती आहे.

कारखान्यात मला तपासणाऱ्या बाईंनी एकदाच वाजवून पाहिलं आणि म्हणाल्या, "खणखणीत आहे." मला कोणी चांगलं म्हटलं ते तेवढंच. मग इलेक्ट्रिशियनने मला या घरात बसवलं. दूधवाला, कुरिअरवाला, चुकून येणारे, मुद्दाम येणारे, सगळ्यांसाठी मी इमानेइतबारे ओरडले.

मग या घरात बाळ आलं आणि माझे दिवस फिरले.

नातेवाईक काही वाईट नव्हते हो. फोनवर अभिनंदन करायचे, भरभरून आशीर्वाद द्यायचे. चूक बाळाच्या बाबांची. भिडस्त माणूस! कोणी विचारलं, "कधी येऊ?" की हे म्हणणार, "केव्हाही या, घर तुमचंच आहे." लोकांनी ते खरं मानलं. बाळाला पाजून, थोपटून आई जरा कुठे पाठ टेकते न टेकते तोच कोणीतरी बोट ठेवायचं माझ्यावर. बाळ दचकून उठायचं. आलेली मंडळी बाळ कोणावर गेलंय यावर तासभर वाद घालायची, आणि ती बिचारी केसही न विंचरता चहा करायची. रात्री ती नवऱ्याला म्हणायची, "मला फक्त झोप हवी आहे रे. लोकांना वेळ सांग ना." तो मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'केव्हाही या'. मला इतका संताप यायचा म्हणून सांगू!

एका सकाळी त्याच्या काकूंचा फोन आला. बूट घालता घालता त्याने तो स्पीकरवर माझ्याखालच्या कपाटावर ठेवला.

"तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. बाळाला उदंड आयुष्य लाभो, आणि तुम्हाला शांत झोप," काकू म्हणाल्या. मग आधी सुनेची तब्येत विचारली, बाळाचा रंग नाही की वजन नाही. भेटायला यायची इच्छा आहे, पण घाई नाही, महिनाभराने म्हणालात तरी चालेल, असंही म्हणाल्या. आणि बाळाचे बाबा बोलले, "केव्हाही या!"

"केव्हाही नको. तिला विचार आणि तिच्या सोयीची वेळ सांग. अर्धा तास बसेन, चहा नको. जेवण मीच आणते. आणि मला सर्दी झाली तर येणारच नाही."

तो आत गेला. तिला असं कोणी विचारलंच नव्हतं. रविवारी चारला, बाळाचं दूध झाल्यावर, असं ठरलं. मी मनात म्हटलं, चला, निदान एकदा तरी मी योग्य वेळी वाजेन.

पण शनिवारी पुन्हा कोणी अवचित टपकलं, बाळ रडून रडून लाल झालं, आणि या पठ्ठ्याने काय करावं? लोकांपुढे तोंड उघडायचं सोडून स्टुलावर चढून माझी वायर काढली. बायकोला सांगितलंही नाही. रविवारी दुपारी औषधं आणायला निघून गेला.

चारला आई केस विंचरून, धुतलेला कुर्ता घालून बाळाला घेऊन बसली होती. बाहेर काकूंनी माझं बटण दाबलं. एकदाच, हलकेच. मी जिवाच्या आकांताने वाजायला गेले, पण आवाज कुठला? त्यांनी दार ठोठावलं नाही, फोनही केला नाही. झोपली असतील दोघं, असं पुटपुटून पिशवी कडीला अडकवली आणि जिना उतरल्या. आत ती घड्याळ बघत होती, बाहेर पावलं लांब जात होती, आणि मी मधोमध मुकी.

बऱ्याच वेळाने तिने दार उघडलं. पिशवीतला डबा अजून कोमट होता. तिने माझं बटण दाबून पाहिलं, मग वर बघितलं. लोंबणारी वायर दिसली. ती तिथेच उंबऱ्यात बसून रडली.

मग तिने फोन लावला. "काकू, मी जागी होते. तुमचीच वाट बघत होते."

काकू बसथांब्यावर होत्या. म्हणाल्या, "मग सांग, कधी येऊ?"

"आत्ता."

त्या परत आल्या तेव्हा ती बाळाला घेऊन दारातच उभी होती. मला कोणी विचारलंही नाही. काकूंनी हात धुतले, बाळाला घेतलं आणि तिला म्हणाल्या, "जा, झोप." ती गेली आणि खरंच झोपली. अर्धा तास उलटला तरी काकूंनी तिला उठवलं नाही.

मित्रांनो, बाळ झालेल्या घरी अभिनंदन जरूर करा, आशीर्वाद द्या, पण जायची वेळ त्या घरालाच ठरवू द्या. आणि घरच्यांनो, तुम्हीही ती स्पष्ट सांगा. तुम्हाला 'आत्ता नको' म्हणता येत नाही म्हणून माझा गळा का दाबता? माझी वायर अजून लोंबतेच आहे. कोणीतरी जोडा हो!