नववी ओळ

फ्रिजवर उपडी घातलेली स्टीलची झाकणं किणकिणली आणि दुपारची शांतता मोडली. मोटर सुरू झाली होती, एवढंच. तरी ती दचकली. परवापासून तिला दचकायला काहीही पुरत होतं. तिनं आधी आतल्या खोलीत डोकावून लेक झोपलीय ना ते पाहिलं आणि मग पुन्हा कागद पुढे ओढला.

वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी काम सोपवलं होतं. ड्युटी बदलताना एका नर्सनं दुसरीला द्यायच्या नोंदीचा नमुना नव्यानं करायचा. उद्या चौकशी, त्याआधी हवी. वर बजावलंही होतं, "फक्त कोरा नमुना आण. तुझी जुनी नोंद मध्ये घुसडू नकोस. तू लिहिलं होतंस, तू सुटलीस. पुढच्या पाळीच्या पोरीनं वाचलं नाही, ती निस्तरेल."

लिहिलं होतं, हे खरंच. अर्धांगाचा झटका आलेले आजोबा. घास, पाणी नीट गिळता येतंय का याची चाचणी व्हायची होती आणि तोवर तोंडानं काही द्यायचं नव्हतं. तिनं दिवसभराचं सगळं जसं घडलं तसं लिहून काढलं होतं. सुरुवात "प्रकृती स्थिर"नं, मग बीपी, लघवी, सलाईन, नातेवाईक भेटून गेले. आजोबांच्या पाण्याची गोष्ट नवव्या ओळीत, दोन बिनकामाच्या वाक्यांमध्ये चेंगरलेली. पलंगाला तशी पाटी लावायचीही राहून गेली होती. पुढच्या पाळीच्या धाकट्या नर्सनं गोळीबरोबर दोन घोट पाणी पाजलं. ते श्वासनलिकेत उतरलं. आजोबा आता अतिदक्षता विभागात होते, श्वासाच्या यंत्राच्या भरवशावर.

दारावर टकटक झाली. ती धाकटी नर्सच होती. डोळे सुजलेले, केस कसेबसे बांधलेले.

"ताई, घरी सांगितलं नाहीये अजून. उद्या मला काढतील ना?"

"आधी बस. काही खाल्लंस?"

"घशाखाली उतरत नाही," असं म्हणून धाकटी स्वतःच्याच शब्दांना अडखळली.

तिनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. धाकटीनं तो हातात धरला, पण ओठांना लावला नाही.

"त्या वेळी एकदम तीन पेशंट आले होते. 'स्थिर' वाचलं आणि पुढे पळाले," धाकटी म्हणाली. "मीच गाढव."

"गाढव कशाला? 'स्थिर' वाचलं की कुणाचाही डोळा पुढे पळतो. म्हणून तो शब्द मी खाली ढकललाय. हे बघ, पहिला मसुदा."

"अगं बाई, सगळंच लाल शाईत!"

"तेच ना. सगळंच बोंबलायला लागलं तर ऐकायचं कुणाचं? हा बाद केला. आता हा घे. आजोबांचीच नोंद आहे, नव्या पद्धतीनं लिहिलेली. एकदा वाच, कागद उलटा ठेव आणि मला तुझ्या शब्दांत परत सांग. वॉर्डातही असंच करायचं, पलंगापाशी उभं राहून."

धाकटीनं वाचलं. सगळ्यात वर, चौकटीत, धोका. त्याखाली बाकी कामं: काय, केव्हापर्यंत, कोण करणार, झालं नाही तर फोन कुणाला. रिकामं काही ठेवायचं नाही. काम नसेल तर "काही नाही" असं लिहायचं, म्हणजे विसरलं की नव्हतंच हा घोळ उरत नाही. बीपी, सलाईन, बाकीचा संसार सगळ्यात शेवटी.

धाकटीनं कागद उलटा ठेवला.

"तोंडानं काही द्यायचं नाही. गोळी नाही, पाणी... पाणीसुद्धा नाही. गिळण्याची चाचणी संध्याकाळपर्यंत. नाही झाली तर डॉक्टरांना..."

पदराखाली घ्यावं तसं तिनं धाकटीला कुशीत ओढलं. एका वाचनात जमलं होतं. परवाही जमलं असतं. हे कळल्याचं सुख होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही.

तिनं कपाटातून जुन्या नोंदीची प्रत काढली, नव्या कागदाला टाचली आणि पर्समध्ये ठेवली.

"ताई, वेडी आहेस का? हे शेजारी शेजारी पाहिलं तर चौकशीवाले तुलाच धरतील."

"धरू देत. तुला एकटीला तरी नाही धरणार."

"तुझ्या पदरी पोर आहे."

"ठाऊक आहे गं मला."

आतून चपला फरफटत लेक आली. डोळे चोळत आधी मावशीच्या ओल्या गालांकडे आणि मग पर्समधून डोकावणाऱ्या कागदांकडे बघत राहिली.

"मावशी का रडतेय?"

"आजोबा खूप आजारी आहेत ना, म्हणून."

"आणि तू काय लिहिलंस?"

"आता कुणी आजोबांना चुकून पाणी देणार नाही, असं लिहिलंय."

लेकीनं मांडीवर चढून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"मग आई, हे तू आधी का नाही लिहिलंस?"