शून्य अंतरावरची प्रत

धाकटी खोटं बोलतेय, हे मी शनिवारी सकाळी अकरालाच ठरवून टाकलं होतं. पुरावा तेवढा गोळा करायचा राहिला होता.

धाकटी म्हणजे माझी नणंद. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, म्हणून ऑफिसातही तेच नाव चिकटलं. नवऱ्याचं घर सोडून ती आमच्याकडे राहायला आली तेव्हा मीच मालकांकडे शब्द टाकला आणि साच्यांच्या डिझाइन रूममध्ये तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. तीन महिने काम बघू, मग कायम करू, असं ठरलं होतं. ते तीन महिने त्याच शनिवारी संपत होते. कायम झाली की ती स्वतःची खोली घेणार होती. खोली बघूनही ठेवली होती, एकाच खिडकीची, पण रोज जेवताना त्या खिडकीचं कौतुक चालायचं.

खरं सांगायचं तर ती मला खुपायला लागली होती. दुसऱ्याच आठवड्यात मालकांनी तिचं काम बघून "हाताला सफाई आहे" असं म्हटलं. अठरा वर्षांत माझ्या हाताबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. वर ही बाई काम करताना गुणगुणते. ज्याला काही लपवायचं असतं तोच गुणगुणतो, असं माझं मत होतं.

काम होतं पाच लिटरच्या प्लास्टिकच्या कॅनचं. गिऱ्हाइकाकडून मॉडेल आलं ते नुसत्या सरफेसचं, म्हणजे कॅनची फक्त कातडी, तीही त्रेचाळीस तुकड्यांत आणि मधे मधे भोकं. फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना असे तुकडे गळतात. भोकांवर पॅच लावायचे, सगळ्या कडा एकमेकींना शिवायच्या आणि कुठेही फट उरली नाही की मगच कॉम्प्युटर त्या कातडीला सॉलिड मानतो. एक कड उघडी राहिली तरी भिंतीला जाडी देता येत नाही आणि आत किती मावतं तेही कळत नाही. गिऱ्हाइकाला तो आकडा संध्याकाळी पाचपर्यंत हवा होता.

अंग आणि गळा माझ्याकडे होता, हँडल धाकटीकडे. हँडल जिथे खाली अंगाला मिळतं तिथे चार बाजूंचं एक अवघड भोक होतं. तिने बुधवारी त्यावर पॅच बसवला आणि निघताना सांगितलं, "वहिनी, तुमच्या अंगाबरोबर शिवून बघितलं मी. बंद झालं. तुकडे सुटेच ठेवलेत, तुम्ही एकदमच शिवा." दुसऱ्या दिवसापासून तिला दुसऱ्या साच्याच्या कामावर बसवलं.

शनिवारी मी सगळे तुकडे एकत्र आणले आणि शिवले. बंद झालं नाही. उघड्या कडा लाल दिसतात, त्या लाल झाल्या नेमक्या तिच्या पॅचभोवती, चारही बाजूंनी.

म्हटलं, सापडली. माझा तर्क पक्का होता. शिवताना किती फट चालेल ते आपणच ठरवतो, त्याला टॉलरन्स म्हणतात. आम्ही मिलिमीटरचा शंभरावा भाग ठेवतो. तो वाढवला की कॉम्प्युटर मोठ्या फटींकडेही काणाडोळा करतो. मॉडेल बंद झाल्यासारखं दिसतं आणि पुढे साचा कापताना तिथेच पायरी उमटते. हिने तेच केलं असणार आणि वर "बंद झालं" म्हणून मोकळी.

मी फट मोजली. शून्य आली. दुसऱ्या कोपऱ्यात मोजली, तिथेही शून्य. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. मी टॉलरन्स दहापट केला, तर लाल रेघा तशाच राहिल्या आणि माझ्या गळ्यावरची एक बारीक कड मात्र चेपली गेली. टॉलरन्स पुन्हा होता तेवढाच ठेवला. तिच्या पॅचवर माझा पॅच ठेवला, तर लाल रेघा वाढल्या. तीन तास गेले. पलीकडे गुणगुणणं चालूच होतं.

तीन वाजता मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. मी म्हटलं, हँडलकडून बंद होत नाही. ती म्हणते झालं होतं.

"म्हणजे ती खोटं बोलतेय?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघितलं आणि एक उसासा सोडला. माझं काम त्या उसाशाने केलं.

मग तिला आत बोलावलं. पाच मिनिटांत ती बाहेर आली, खुर्चीत बसली आणि ड्रॉवरमधली तिची पट्टी, चष्म्याची डबी, जेवणाचा डबा एकेक करून पिशवीत भरू लागली. माझ्याकडे बघितलंही नाही. गुणगुणणं थांबलं होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण मी पुन्हा त्या लाल रेघांकडे वळले.

मी माझा पॅच काढून टाकला. मग तिचाही लपवला, म्हटलं, निदान खालचं भोक तरी नीट बघू.

भोक दिसलंच नाही. तिथे पॅच होता, तसाच्या तसा.

एकाच जागी दोन पॅच होते, एकावर एक. शिवताना त्यातला एक शेजाऱ्यांना जोडला गेला आणि दुसरा चारही कडा उघड्या टाकून तसाच लटकत राहिला. म्हणून फट शून्य आणि रेघा लाल. मी यादीत त्या दुसऱ्या तुकड्याचं नाव शोधलं. ऑफसेट, म्हणजे ठरावीक अंतरावर काढलेली प्रत, आणि अंतर शून्य.

ऑफिसात असं काम एकच माणूस करतं. मला शिकवणाऱ्या सरांनी सवय लावली होती की कुठलाही सरफेस कापण्याआधी त्याची शून्य अंतरावर एक प्रत काढून ठेवायची. धाकटी प्रत काढत नाही, मी तिला त्यावरून बोलतेही. बुधवारी ती सहाला निघाल्यावर मी तिचा पासवर्ड टाकून तिची फाइल उघडली होती. कुणी सांगितलं नव्हतं. काहीतरी चूक सापडेल म्हणून उघडली होती. प्रत काढली, पॅच जरा कापून बघितला, काही सापडलं नाही म्हणून कापणं रद्द केलं आणि फाइल सेव्ह करून बंद केली. प्रत तिथेच राहिली.

प्रत उडवली, सगळं पुन्हा शिवलं, टॉलरन्स शंभरावा भागच. एकही लाल रेघ आली नाही. भिंतीला जाडी दिली, आतलं माप आलं पाच लिटर दोनशे वीस मिलिलिटर.

मी उठून केबिनमध्ये गेले. दार मुद्दाम उघडं ठेवलं, म्हणजे बाहेर ऐकू जाईल. आकडा सांगितला आणि त्याच दमात बुधवारचंही सांगितलं. फाइल मी उघडली, प्रत माझी, तिचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. मालकांनी मला बाजूला व्हायला सांगितलं आणि धाकटीला हाक मारून सोमवारपासून कायम असं सांगितलं. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी तिच्या टेबलापाशी गेले. माफी मागायची होती, शब्द जुळवत होते. ती पिशवीतून पट्टी काढून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवत होती.

"फाइल बुधवारी सव्वासातला सेव्ह झालीय, वहिनी," ती म्हणाली. "मी गुरुवारी सकाळीच बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"माझं चुकलं असेल तर तुम्ही नीट केलं असेल, असं वाटलं मला."

ती पुढच्या रविवारी खोलीत राहायला गेली. सामान मीच पोचवलं, पडदाही मीच लावला, खिडकी खरंच चांगली आहे. ऑफिसात ती अजून माझ्या शेजारीच बसते आणि मागितली की कुठलीही फाइल लगेच उघडून देते. पासवर्ड टाकताना मात्र कीबोर्डवर डावा हात आडवा धरते.