गच्चीच्या कुलपाची बातमी

सोसायटीच्या कमिटीनं गच्चीला कुलूप लावलं आणि बातमी छापून येण्याआधीच कमिटीच्या आणि विरोधातल्या रहिवाशांच्या वकिलांच्या नोटिसा पेपरच्या कचेरीत येऊन पडल्या. बातमीदार बाईंनी त्या फायलीखाली सारल्या.

"कुलपाचा ठराव सर्वानुमते झालाय," सेक्रेटरींनी ठासून सांगितलं होतं. त्यांनी पाठवलेल्या सभेच्या इतिवृत्तावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचीही सही होती. बाईंनी काकूंना फोन लावला.

"अहो, ती हजेरीची सही! ठरावाआधीच मी उठून आले. वेडंवाकडं छापाल तर कोर्टात खेचीन."

हे सेक्रेटरींना कळवून त्यांचं म्हणणं विचारलं, तर तेही कोर्टावरच घसरले. बाईंनी दोघांचं बोलणं शेजारी शेजारी मांडलं. 'बेकायदा' हा शब्द कुठेही येऊ दिला नाही.

मग टेबलावर ऊन उतरलं, डोळे जड झाले आणि ती गच्ची तरंगत समोर आली. दोरीवर चादरी फुगल्या होत्या, जणू अख्खी इमारत शिडं उभारून निघाली होती. बाईंनी बातमीची सुरुवात तिथूनच केली आणि पुढे लिहिलं, 'आता ते आभाळ कुलपात आहे.'

संपादक म्हणाले, "सुरेख! यावर कुणी दावासुद्धा लावणार नाही."

"तेच तर!" बाई स्वतःवरच चिडल्या. "आभाळ कुलपात म्हटलं की मीच निकाल देऊन मोकळी झाले की!"

त्यांनी लिहिलं, 'गच्चीला कुलूप आहे.' दोन नोटिसांना न बधलेल्या बाईंनी चादरींवर काट मात्र सगळ्यात शेवटी मारली.