चार-तीनचा कोपरा

सिविक सेंटरमधल्या त्या कोचिंग क्लासात गीतांजलीचं काम एकच. मुलं अडलेल्या प्रश्नाचा फोटो ग्रुपवर टाकत, ती उत्तर लिहून पाठवी. खाली नाव मात्र तिचं उमटत नसे, 'अमरदीप सर' असंच उमटे. गणितात एमएस्सी केलेली ही बाई तीन वर्षं दुसऱ्याच्या नावानं हुशारी वाटत होती आणि अमरदीप सर वर्गात गॉगल डोक्यावर चढवून 'ट्रिक' शिकवत होते. सूत्राशी त्यांचं फारसं पटत नसे. त्यांचा भर नजरेवर.

स्टार बॅचसाठी चाळीस मुलं निवडण्याच्या परीक्षेत एक प्रश्न त्यांनी स्वतः काढला होता. म्हणजे फळ्यावर मार्करनं दोन अक्ष ओढले, दोन तिरप्या रेषा मारल्या, 2x + y = 10 आणि x + 3y = 12, दोन्ही रेषांच्या खालचा भाग रेघोट्यांनी भरला आणि बाजूला उभं राहून मोबाइलनं फोटो काढला. तोच पेपरात छापला. अक्षांवर आकडे होते, मधे चौकटी नव्हत्या. विचारलं होतं: या भागात Z = 5x + 10y ची जास्तीत जास्त किंमत किती? पर्याय चार: २५, ४०, ४६, ५०.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी नीतू नावाच्या मुलीनं तो फोटो ग्रुपवर टाकला. तिनं ४६ लिहिलं होतं, ते चूक ठरलं होतं. चूक कुठे, असं तिनं विचारलं. गीतांजलीच्या समोर त्या वेळी अकरा फोटो साचलेले. तिनं उत्तरांची यादी पाहिली, ५० दिसले, आणि लिहून टाकलं: आकृतीत रेषा (४, ३) वर मिळतात, तिथे किंमत वीस अधिक तीस, पन्नास.

दोन मिनिटांत नीतूचं उत्तर आलं. मॅडम, (४, ३) पहिल्या रेषेत टाकून पाहा.

'मॅडम' वाचून गीतांजलीला आधी हसू आलं. ही एकटीच पोर होती जिला पलीकडे सर नाहीत हे कळलं होतं. मग तिनं टाकून पाहिलं. बे चोक आठ अधिक तीन, अकरा. दहा नव्हे. दुसऱ्या रेषेत चार अधिक नऊ, तेरा. बारा नव्हे. हा बिंदू कुठल्याच रेषेवर नव्हता, भरलेल्या भागाच्याही बाहेर होता. तिनं वहीत खरा कोपरा काढला. पहिल्या रेषेतून y म्हणजे 10 − 2x, ते दुसरीत घातलं की x येतो ३.६ आणि y येतो २.८. कोपरे चारच: शून्य-शून्य, पाच-शून्य, ३.६-२.८ आणि शून्य-चार. किमती शून्य, पंचवीस, सेहेचाळीस, चाळीस. सेहेचाळीस बरोबर, पोर बरोबर. फोटो तिरपा, म्हणून छेदाचा ठिपका चार आणि तीनच्या सरळ रेषेत आल्यासारखा दिसत होता. सरांनी तो पाहिला आणि उत्तर लिहिलं. आपण तर तेवढंही पाहिलं नाही, हे गीतांजलीला फार झोंबलं. सरांना हसणं सोपं होतं, पण आज त्या हसण्यात तिला स्वतःलाही धरावं लागत होतं.

ती वही घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेली. सर चहा पीत होते. त्यांनी फोटो मोठा केला, बोटानं ठिपक्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, साफ दिख रहा है, चार-तीन. गीतांजलीनं अकरा आणि तेरा दाखवले. सरांनी ते बराच वेळ वाचले. शेवटी म्हणाले, प्रिंटिंगमध्ये आकृती हलली असेल.

दुपारी निर्णय झाला: या प्रश्नाचे चार गुण सगळ्यांना बोनस. क्लासचे मालक खूश, सर खूश. यातली लबाडी फक्त गीतांजलीनं मोजली. पन्नास लिहिणाऱ्यांचे चार गुण जागेवर राहिले, आणि बरोबर लिहिणाऱ्यांना तेवढेच मिळाले. नीतूचा चुकीसाठी कापलेला एक गुणही परत आला, ती एकशे शहात्तरवरून एकशे एक्याऐंशीवर आली. स्टार बॅचच्या चाळीसाव्या जागेवरच्या मोहितला एकशे ब्याऐंशी. त्यानं पन्नास लिहिलं होतं. खरं तपासलं असतं तर त्याचे चार जाऊन वर एक कापला गेला असता, तो एकशे सत्याहत्तरवर आला असता आणि जागा नीतूची झाली असती. पण चाळीस चेहऱ्यांचा फ्लेक्स चौकात आधीच लागला होता, तो कोण उतरवणार?

संध्याकाळी नीतूचे वडील देवाजी उतई गावाहून मोटरसायकलवर तिला घेऊन आले. पोलादाच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलवर होते, ड्यूटीचे बूट तसेच पायात. मालकांनी त्यांना बसवलं, वेटिंग लिस्ट, पुढच्या वर्षी संधी, असं गोड-गोड सांगितलं. देवाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि गीतांजलीकडे वळले.

"ताई, मले गणित नाही समजत. आमच्या मिलमध्ये कोणी गेज न लावता डोयानं माप सांगितलं, त त्याले बाजूला बसवते. इथं त्याले सर म्हणून राहिले. माह्या पोरीनं गेज लावलं. तिचं चुकलं कावून?"

मालक घाईनं म्हणाले, ग्राफ है, थोड़ा इधर-उधर चलता है.

ते दोघं जिना उतरून गेल्यावर ती आपल्या टेबलाशी बसली आणि ग्रुपवर लिहायला लागली. चारही कोपरे, चारही किमती. (४, ३) का चालत नाही, ते अकरा आणि तेरासकट. खाली एक ओळ: बोनस नको, उत्तर ४६ आहे, गुण त्याप्रमाणेच मोजले जातील. पाठवलं. नाव उमटलं, 'अमरदीप सर'.

पाच मिनिटांत तीनशे मुलांनी हात जोडले, टाळ्या वाजवल्या. चूक कबूल करायला मोठं मन लागतं, असं पालक लिहू लागले. कोणीतरी सरांचा गॉगलवाला फोटो टाकून खाली 'असली गुरू' असं लिहिलं. आता मागे फिरण्याची सोय उरली नाही. दुसऱ्या दिवशी यादी नव्यानं लागली, चाळीसावं नाव नीतूचं. मोहितचे वडील भांडून गेले, आणि त्यांचा राग अगदीच खोटा नव्हता. त्यांच्या पोरानं सरांनी शिकवलं तसंच केलं होतं.

सरांनी गीतांजलीला केबिनमध्ये बोलावलं. ओरडतील असं तिला वाटलं होतं. सर हसत होते. कौतुक त्यांना मानवलं होतं. यापुढे प्रत्येक पेपरची उत्तरं आधी तिनं तपासावीत, असं त्यांनी सुचवलं. नाव अर्थात क्लासचंच राहील.

"तपासून देईन," ती म्हणाली. "खाली माझं नाव येणार असेल तर."

सरांनी कप खाली ठेवला आणि ब्रँडबद्दल बराच वेळ बोलले. ब्रँड म्हणजे विश्वास, विश्वास म्हणजे एकच चेहरा. बोलणं संपल्यावर तिनं ग्रुपवरच्या 'अमरदीप सर' खात्याचा पासवर्ड एका कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवला आणि कोहक्याला घराकडे जाणाऱ्या ऑटोत जाऊन बसली.

आठवड्यानं तिच्या फोनवर, तिच्या स्वतःच्या नंबरवर, एक फोटो आला. नव्या परीक्षेतला, पुन्हा फळ्यावरचा, पुन्हा बाजूनं काढलेला. नीतूनं खाली लिहिलं होतं, मॅडम, यात तर रेघोट्याच रेषेच्या चुकीच्या बाजूला आहेत. गीतांजलीनं चुलीवरची भाजी उतरवली, वही ओढली आणि रेषेची खरी बाजू कोणती हे ठरवायला आधी शून्य-शून्य टाकून पाहिलं.