दाईची अकरा वाक्यं

आमच्या गेममधली म्हातारी दाई अकरा वाक्यं बोलते. तिने वाढवलेलं पोर विहिरीत कसं गेलं, ते त्यात येतं. ती वाक्यं लिहिणाऱ्या ताईंचं कंत्राट शुक्रवारी संपत होतं. पुढे ठेवायचं की नाही, हे बाहेरच्या वीस खेळाडूंच्या चाचणीवर ठरणार होतं.

चौदा जणांनी लिहिलं, "दाई तुटक वाटते. ओळख ना पाळख, एकदम रडायलाच लागते."

मी टेस्टर, गेममधल्या चुका शोधणारा. यामागची चूक मला चाचणीच्या नऊ दिवस आधीच सापडली होती. दाईशी पहिलं बोलणं संपलं की गेममध्ये एक खूण लागते, 'भेट झाली'. पोराची शाल उचलली की दुसरी, 'शाल मिळाली'. दाई तोंड उघडायच्या आधी गेम या खुणा वरून खाली तपासतो, आणि शालीची सगळ्यात वर होती. ती लागलेली दिसली, की भेट झालीय का हे न बघता तो थेट शेवटच्या दोन वाक्यांवर जातो. आधी शाल विहिरीपाशी असायची, दाईने किल्ली दिल्याशिवाय तिथे पोचताच येत नसे. मग नकाशावाल्याने ती दाईकडे जायच्या वाटेवरच्या कुंपणावर आणली.

"माझ्याकडे नीट चालतंय की," प्रोग्रामर म्हणाला होता. तो चाचणीच्या मेनूतून खुणा लावायचा. आधी भेट, मग शाल.

"मेनू नको, दादा. एकदा चालत जाऊन बघ ना."

"हवापालटाला जाऊ का? तक्रारीत गंभीरता काय टाकलीयस तूच? 'किरकोळ'. मग रांगेत थांब."

टाकली होती. गेम अडकत नाही, बंद पडत नाही, नियमाप्रमाणे किरकोळच.

शुक्रवारी मी कोण कसं खेळलं याच्या नोंदी घेऊन साहेबांकडे गेलो. "सर, त्या चौदाही जणांनी आधी शाल उचलली. ताईंची वाक्यं त्यांनी ऐकलीच नाहीत."

त्यांनी माझी जुनी तक्रार उघडली. "किरकोळ, असं तूच म्हणतोस. आणि कंत्राट वाढवत नसल्याचं पत्र सकाळीच गेलंय तिला."

ताई खण रिकामा करत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी वाईट लिहिलं नव्हतं."

"नाही, ताई."

"हे काल सांगितलं असतंस तर?"



सोमवारी प्रोग्रामरने दहा मिनिटांत दुरुस्ती केली: भेट झाली नसेल, तर शाल हातात असली तरी आधी अकरा वाक्यं. "वरातीमागून घोडं," असं म्हणून तो हसला.

पुढच्या चाचणीत सोळा जणांना दाई सगळ्यात जास्त आवडली. साहेबांनी ताईंच्या जागी आलेल्या नव्या लेखकाच्या पाठीवर थाप मारली. "आठवड्यात जीव ओतलास की तिच्यात!"

त्याने एक स्वल्पविरामही हलवला नव्हता. तो म्हणाला, "थँक्यू, सर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं. मी मान डोलावली.